लेओव्हर की स्टॉपओव्हर? बॅग आणि व्हिसाच्या या चुका टाळा

समजा, नागपूरचे काका-काकू लेकीकडे मेलबर्नला निघालेत. मुंबईहून सोमवारी रात्री ११:४० ला विमान, मंगळवारी सकाळी ७:४० ला सिंगापूर. तिथून पुढचं विमान बुधवारी सकाळी ७:०० ला. मधली रात्र सिंगापुरात. काकांनी हॉटेल पाहून ठेवलं, काकूंनी दुसऱ्या दिवशीची साडी आणि दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत वर ठेवल्या. "एक रात्र राहतोय म्हणजे स्टॉपओव्हरच की!"

इथेच चुकलं. आंतरराष्ट्रीय तिकिटात २४ तासांपर्यंतचा थांबा हा लेओव्हर, म्हणजे फक्त विमान बदलणं. त्याहून जास्त झाला की स्टॉपओव्हर. रात्र मध्ये आली की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. मंगळवार ७:४० ते बुधवार ७:०० हे होतात २३ तास २० मिनिटं. म्हणजे लेओव्हर. त्यामुळे बॅगेला मुंबईतच थेट मेलबर्नचा टॅग लागणार आणि गोळ्यांसकट ती बॅग सिंगापुरात काकूंच्या हाती येणार नाही. तेच पुढचं विमान बुधवारी रात्री ८ चं घेतलं असतं, तर ३६ तास २० मिनिटं झाली असती आणि बॅग सिंगापूरच्या पट्ट्यावर बाहेर आली असती.

हिशेब करताना अनेक जण मुंबईच्या वेळेशी सिंगापूरची वेळ ताडून बघतात आणि अडीच तासांच्या फरकात गोंधळतात. त्याची काही गरज नसते. तिकिटावर प्रत्येक शहराची वेळ तिथली स्थानिकच छापलेली असते. एकाच शहरात पोहोचल्याची आणि तिथून निघण्याची वेळ घ्यायची आणि सरळ वजाबाकी करायची. तारीख मात्र नीट बघा, कारण वेळेशेजारचं बारीकसं +1 हमखास नजरेतून सुटतं.

ई-तिकिटावर भाड्याचा हिशेब दाखवणारी एक अगम्य ओळ असते. ती कुणी वाचत नाही, पण तिथे उत्तर लिहिलेलं असतं. सिंगापूरचा कोड SIN. त्याच्या आधी X/ असं आलं, म्हणजे X/SIN, तर त्या तिकिटाच्या लेखी तो नुसता लेओव्हर आहे. X/ नसेल तर स्टॉपओव्हर. काही स्वस्त भाड्यांत स्टॉपओव्हर चालतच नाही, काहींत त्याचे वेगळे पैसे पडतात. म्हणून "एक दिवस पुढचं विमान घेऊ" हा बदल दिसतो तेवढा किरकोळ नसतो.

बॅगेचं खरं-खोटं करण्याची जागा एकच, मुंबईचं चेक-इन काउंटर. बॅगेला टॅग लावून झाला की त्यावरचा सगळ्यात मोठा तीन अक्षरी कोड वाचा. MEL असेल तर बॅग थेट मेलबर्नला, SIN असेल तर सिंगापुरात उतरणार. बोर्डिंग पासवर चिकटवलेल्या छोट्या पावतीवरही तोच कोड असतो. लांब लेओव्हरमध्ये बॅग मध्येच हवी असेल तर काउंटरवर तसं सांगून बघता येतं. काही कंपन्या करतात, काही साफ नाही म्हणतात. सिंगापुरात बाहेर पडायची परवानगी नसेल तर हा प्रश्नच उरत नाही, कारण बॅगेचा पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. तेव्हा औषधं, चष्मा आणि एक जोडी कपडे केबिन बॅगेतच ठेवा.

आता व्हिसा. लोकांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलंय: लेओव्हर म्हणजे व्हिसा नको, स्टॉपओव्हर म्हणजे व्हिसा हवा. पण २४ तासांची रेघ तिकिटाची आहे, इमिग्रेशनची नाही. इमिग्रेशनवाला तुमचे तास मोजत नाही, तुम्ही त्याच्या काउंटरपलीकडे जाता की नाही हे बघतो. काका-काकू ते २३ तास चांगी विमानतळाच्या आतच राहिले (आत झोपायला ट्रान्झिट हॉटेलंही आहेत), तर भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागत नाही. पण शहरातलं हॉटेल घेतलं की ते सिंगापुरात शिरले, मग दोन तासांसाठी का असेना. चांगीची मोफत शहर-सहल आहे ना, तीसुद्धा इमिग्रेशन ओलांडूनच निघते, म्हणून तिलाही प्रवेशाची परवानगी लागते.

भारतीयांना सिंगापुरात ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय फिरू देणारी एक सवलत आहे. पण ती तिसऱ्या देशाला जाता-येता, पुढचं पक्कं तिकीट हातात असेल तर, आणि ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा ठरावीक देशांचा किमान महिनाभर मुदत उरलेला व्हिसा असेल तरच. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसाला आणखी अटी आहेत. शिवाय शेवटचा शब्द काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा. बाहेर पडणार असाल तर पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत SG Arrival Card ऑनलाइन भरायचं. आतल्या आत विमान बदलणाऱ्याला ते नको.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र तासांशी संबंधितच नाही. दोन वेगवेगळी तिकिटं काढून थोडे पैसे वाचवले जातात: मुंबई–सिंगापूर एका कंपनीचं, सिंगापूर–मेलबर्न दुसऱ्या कंपनीचं, मध्ये चार तास. कागदावर सुरेख लेओव्हर दिसतो. पण पहिल्या कंपनीच्या लेखी प्रवास सिंगापुरात संपला. टॅग SIN चा लागतो. बॅग घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, बॅग घेऊन दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पुन्हा रांग. म्हणजे फक्त विमान बदलायचं असूनही सिंगापुरात प्रवेशाची परवानगी हवी. ती नसेल तर मुंबईतच चेक-इनला अडवतात. आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी तुमच्याकडे वेळेवर न आलेला प्रवासी म्हणूनच बघते. मी तरी सत्तरीतल्या माणसांसाठी असं तिकीट कधीच काढणार नाही, चार हजार वाचले तरी.

अमेरिकेत तर आतल्या आत विमान बदलण्याची सोयच नाही. मुंबईहून अमेरिकेमार्गे मेक्सिकोला निघालात तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. शिकागोला जाताना नेवार्कला दोन तासांचा लेओव्हर असेल, तिकीट एकच असेल आणि टॅगवर शिकागो लिहिलेलं असेल, तरी सहसा नेवार्कला बॅग उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा पट्ट्यावर टाकावी लागते. "टॅग पुढचा आहे, जाईल की आपोआप" म्हणून पुढे गेलेल्यांच्या बॅगा मागे राहतात.

आपल्याकडेही साधारण हीच गत. परतताना काका-काकूंचं तिकीट मेलबर्न–सिंगापूर–मुंबई–नागपूर असं सलग असलं आणि टॅगवर NAG दिसत असलं, तरी कस्टम्स मुंबईतच होतं. बॅगा तिथल्या पट्ट्यावरून घ्यायच्या, कस्टम्समधून बाहेर यायचं आणि नागपूरच्या विमानासाठी पुन्हा जमा करायच्या. मेलबर्नच्या काउंटरवर "बॅग मुंबईत घ्यावी लागेल का?" एवढं विचारून घ्या. आणि मुंबईत मध्ये निदान साडेतीन-चार तास ठेवा, कारण नागपूरचं विमान टर्मिनल १ वरून असेल तर बॅगा घेऊन तिथपर्यंत बाहेरूनच जायचंय.