एबिटडा पाहताना तुरीचा साठा आणि उधारीही पाहा

लातूरची एक डाळमिल धरा. वर्षाचा निव्वळ नफा फक्त 8 लाख. त्यात कर 4, व्याज 22 आणि घसारा 26 लाख परत मिळवले की एबिटडा येतो 60 लाख.

बँक हा आकडा पाहते, कारण घसारा वहीत वजा होतो, त्या वर्षी खिशातून जात नाही. शिवाय नव्या यंत्रांच्या मिलचा घसारा मोठा असतो. जुन्या मिलशी तिची तुलना नुसत्या नफ्यावर केली तर ती उगाच कमजोर दिसते.

आता हप्ता बघू. मुद्दल 24 आणि व्याज 22, म्हणजे 46 लाख. कर भरून 56 उरतात, म्हणजे भागतं. पण हंगामात तुरीचा साठा आणि व्यापाऱ्यांकडची उधारी मिळून 15 लाखांनी वाढली, तर हातात 41च राहतात. एबिटडा मात्र 60च दाखवतो! झिजलेली यंत्रं बदलण्याचा खर्चही त्यात नसतो.

म्हणून दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवा. साठा आणि येणं विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल, तर कर्ज वाढवण्याआधी वसुली करा.