चिऱ्याच्या घरात वायफाय मागीलदारापर्यंत कसं न्यावं: रिपीटर की मेश?

कोकणात फायबरची तार रस्त्याच्या बाजूने येते. जोडायला आलेला माणूस ओटीवरचा पहिला प्लग बघतो, राउटर तिथेच भिंतीला अडकवतो आणि पुढच्या घरी जातो. मग ओटीवर सिनेमा विनाअडथळा चालतो, माजघरात बरा चालतो, आणि स्वयंपाकघरात गेलं की व्हॉट्सअॅपवरचा फोटोही गोल गोल फिरत राहतो. मधे फूट-दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंती असतात. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी धरतो आणि ओली भिंत वायफायला आणखी अडवते. त्यामुळे मे महिन्यात चालणारी जोडणी जुलैत रुसते.

यावर दुकानदार दोनच गोष्टी सांगतो: राउटरचा सिग्नल पकडून पुढे देणारा स्वस्तातला रिपीटर, नाहीतर एकत्र मिळून घरभर नेट देणाऱ्या डब्यांचा महागातला मेश. रिपीटर साधारण दीड-दोन हजारांत येतो, मेशचा दोन डब्यांचा संच पाच हजारांच्या पुढे. पण पैसे घालण्याआधी एक काम फुकटात होतं.

आधी मोजा, मग राउटर हलवा

अँड्रॉइड फोनवर WiFiman किंवा तसलंच एखादं अॅप टाका. त्यात सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -५० म्हणजे उत्तम. -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आरामात चालतो. -७५ च्या पलीकडे रडारड सुरू होते आणि -८५ ला जोडणी फक्त नावापुरती उरते. फोनवरच्या काड्यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मनाने दाखवते.

आता ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी अशा क्रमाने फिरत प्रत्येक ठिकाणचा आकडा कागदावर लिहा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन पट्ट्यांचे आकडे वेगळे लिहा. २.४ चा वेग कमी, पण ते भिंतीतून जास्त आत शिरतं. ५ चा वेग मोठा, पण चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडता ओलांडता ते दमतं.

आकडे हातात आले की फायबरवाल्याला सांगून राउटर ओटीवरून माजघरात न्यायला लावा. बहुतेक वेळा थोडी फायबरची तार वाढवावी लागते, एवढंच. घराच्या मध्यावरचा राउटर अनेकदा सगळा प्रश्नच मिटवतो, आणि हे दुकानदार सांगणार नाही. कौलारू घरात आणखी एक सोय असते. कित्येकदा आतल्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नसतात आणि वर माळ्याची पोकळी सलग असते. राउटर भिंतीच्या वरच्या टोकाला लावला तर सिग्नल दगडातून न जाता त्या पोकळीतून पुढे सरकतो. मात्र थेट माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात कौलांखाली डबा भाजतो. पत्र्याची शेड मधे असेल तर तिच्यातून सिग्नल पार होण्याची आशा सोडा.

एक घर धरून चालू

गुहागरजवळच्या वाडीतलं एक घर समजा. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी एका ओळीत. पडवीपासून २५ मीटरवर, पोफळीच्या बागेत, काकूंनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. योजना १०० एमबीपीएसची. घरच्यांनी तुळईची अडचण सांगून राउटर ओटीवरच ठेवला आहे. २.४ वर माजघरात -६२, स्वयंपाकघरात -८१, आणि बागेतल्या खोल्यांत काहीच नाही.

इथे बहुतेक जण रिपीटर आणतात आणि जिथे नेट नाही तिथे, म्हणजे स्वयंपाकघरात लावतात. फोनवर काड्या पूर्ण दिसतात आणि नेट मात्र मुंगीच्या चालीने चालतं. काड्या सांगतात फोन आणि रिपीटर यांच्यातला सिग्नल. रिपीटर आणि राउटर यांच्यातला सिग्नल अजूनही -८१ च आहे, आणि तो फोनवर दिसत नाही. जे रिपीटरलाच नीट ऐकू येत नाही ते तो पुढे काय सांगणार? म्हणून रिपीटर नेट संपतं तिथे नाही, तर नेट अजून चांगलं आहे तिथे लावायचा. या घरात ती जागा माजघर, आणि माजघरातही स्वयंपाकघराच्या दाराच्या रेषेत.

माजघरात लावला की स्वयंपाकघरात साधारण २० ते २५ एमबीपीएस मिळावेत. त्याहून जास्त का नाही? एकाच पट्ट्यावर चालणारा रिपीटर तीच गोष्ट दोनदा बोलतो, एकदा राउटरकडून घेताना आणि एकदा फोनला देताना, आणि तेही त्याच चॅनेलवर. २.४ चा वेग मुळातच कमी, त्यात हवेतला वेळ अर्धा झाला की तोही अर्धा. दोन पट्ट्यांचा रिपीटर राउटरशी ५ वर आणि फोनशी २.४ वर बोलू शकतो, त्यामुळे हा तोटा बराचसा टळतो. पण त्यासाठी माजघरात ५ चा आकडा -७० पेक्षा चांगला असायला हवा. तो कागद इथे उपयोगी पडतो.

व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. तेव्हा स्वयंपाकघरात बसून मुंबईच्या नातवाशी बोलणं एवढीच गरज असेल, तर रिपीटर पुरेसा आहे आणि मेशवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. एका रिपीटरच्या पुढे दुसरा रिपीटर मात्र लावू नका. अर्ध्याचं पुन्हा अर्धं होतं आणि कुठला डबा अडला आहे ते शोधताना संध्याकाळ जाते.

चालता चालता कॉल तुटत असेल तर

रिपीटरची खरी उणीव चालताना कळते. ओटीवर सुरू झालेला कॉल घेऊन काकू मागीलदारी निघाल्या की फोन ओटीच्या राउटरला चिकटून राहतो. सिग्नल -८५ झाला तरी सोडत नाही, कारण डबा कधी बदलायचा हे फोन ठरवतो. शेवटी कॉल तुटतो आणि मग फोन रिपीटरला जोडला जातो. दोन्हीकडे एकच नाव आणि पासवर्ड ठेवलात तरी हे फारसं टळत नाही.

मेशचे डबे एकमेकांशी बोलत असतात. कुठल्या फोनचा सिग्नल कुठे कसा आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि ते फोनला जवळचा डबा सुचवतात. यासाठीचे नियम 802.11k आणि 802.11v या नावांनी डब्याच्या माहितीत लिहिलेले असतात. ते नसतील तर तो मेश म्हणजे महाग रिपीटरच समजा. नियम असूनही शेवटचा शब्द फोनचाच, त्यामुळे जुना फोन हट्ट करू शकतो.

पण डब्यांमधला दुवा बिनतारी असेल तर मेशलाही भौतिकशास्त्र चुकत नाही. दोन पट्ट्यांच्या मेशमध्ये ५ चा पट्टा दुव्यासाठी आणि फोनसाठी वाटून घ्यावा लागतो. तीन पट्ट्यांच्या मेशमध्ये दुव्याला स्वतंत्र पट्टा असतो, पण तोही बहुधा ५ चाच, आणि दोन भिंतींपलीकडे तो पोचत नसेल तर जास्तीचे पैसे वाया गेले. म्हणून चिऱ्याच्या घरात मेश घ्यायचा तर डबे तारेने जोडायची तयारी ठेवा. कॅट-६ ही नेटवर्कची तांब्याची तार वाशांच्या कडेने माळ्यावरून नेता येते. चिऱ्याला भोक पाडणंही काँक्रीटच्या तुलनेत सोपं असतं. एका तारेची मर्यादा १०० मीटर, घरातल्या घरात ती कधीच आड येत नाही.

जोडताना दोन गोष्टी कराच. मेशच्या अॅपमध्ये Access Point मोड निवडा, नाहीतर फायबरचा डबा, म्हणजे कंपनीचा राउटर, आणि मेश दोघेही राउटरचं काम करायला जातात आणि टीव्हीवर फोनमधला व्हिडिओ टाकता येत नाही. आणि फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर फोन पुन्हा त्यालाच चिकटतील.

बागेतल्या खोल्या

पडवी ते खोल्या हे २५ मीटर हवेतून जोडायचा मोह होतो. उन्हाळ्यात ते जमतंही. पावसाळ्यात ओली झावळ आणि पानं मधे आली की दुवा ढासळतो, आणि तेव्हाच पाहुणे खोलीत अडकून नेट मागत असतात. तार टाकायची तर तांब्याची नको. दोन इमारतींमधली उघड्यावरची तांब्याची तार वळवाच्या आणि परतीच्या पावसातली वीज आत आणायला मदत करते, आणि दोन्ही टोकांचे डबे एकदम जातात. त्याऐवजी तयार टोकांची, जाड आवरणाची फायबर प्लास्टिकच्या नळीतून पुरा आणि दोन्ही टोकांना फायबर आणि नेटवर्कची तार यांना जोडणारा मीडिया कन्व्हर्टर लावा. फायबर काचेची असल्याने तिच्यातून वीज येत नाही. एकाच धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर जोडीने घ्या, ए आणि बी. दोन्ही ए घेतलेत तर जोडणीचा दिवा लागणारच नाही. पलीकडच्या टोकाला मेशचा दुसरा डबा तारेने जोडा.

एवढं करूनही गडगडाट सुरू झाला की सगळे डबे प्लगमधून काढा, कारण आकाशातली वीज महावितरणच्या तारेतूनही येऊ शकते.

बिघाड कुठे आहे ते ओळखा

नेट अडलं की आधी दोष वायफायचा की कंपनीच्या लाइनचा ते पाहा. ज्या जागी त्रास होतो तिथे विंडोजचा लॅपटॉप ठेवून कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा. राउटरचा पत्ता त्याच्या लेबलवर असतो, तो वेगळा असेल तर तोच लिहा:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिली ओळ काही मिनिटं चालू द्या, मग Ctrl+C दाबून थांबवा आणि दुसरी चालवा. पहिलीत वेळ दहा मिलिसेकंदांच्या आत स्थिर राहिला तर घरातलं वायफाय ठीक आहे. तो मधेच शंभर-दोनशेवर उड्या मारत असेल किंवा `Request timed out` येत असेल तर रिपीटर वा मेशचा दुवा कच्चा आहे, डबा राउटरकडे थोडा सरकवा. पहिली ठीक आणि दुसरी बिघडलेली असेल तर घरातल्या डब्यांना हात लावू नका, कंपनीला फोन करा.

वीज गेल्यावर नेट परत न येण्याचं एक वेगळं कारण असतं. इन्व्हर्टर बहुधा दिवे-पंख्यांच्या लाइनवर असतो, रिपीटरचा आणि फायबरच्या डब्याचा प्लग त्यावर नसतो. वीज आली की रिपीटर आधी जागा होतो आणि फायबरचा डबा तयार व्हायला आणखी मिनिट-दोन मिनिटं घेतो. काही स्वस्त रिपीटर तेवढ्यात हार मानतात आणि पुन्हा जोडले जात नाहीत. प्लग काढून दोन मिनिटांनी लावला की चालू होतात. रोज हे करायचं नसेल तर फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस लावा, फक्त त्याचं व्होल्टेज अॅडॅप्टरवर लिहिलेल्या व्होल्टेजइतकंच असू द्या.