पाठाचा आवाज मोजताना या चुका टाळा: खोली शांत, तरी प्रेक्षक का सटकतात?

इंदूरमध्ये आमच्या ओळखीत पाठ रेकॉर्ड करणारे बरेच मास्तर आहेत आणि बहुतेक सगळे एकच चूक करतात. मागचा आवाज मोजतात, आकडा चांगला आला की खूश होतात, आणि प्रेक्षक पहिल्याच मिनिटात का पळतात म्हणून मला फोन करतात. मागचा आवाज आणि खोलीचं घुमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजून दुसरीचा काहीही पत्ता लागत नाही.

मी स्वतः यात फसलो आहे. लोकमान्य नगरातले एक काका निवृत्तीनंतर नववी-दहावीचं गणित शिकवतात. ते खालच्या खोलीत रेकॉर्ड करायचे. तिथे सकाळी कचरागाडीचं गाणं, भाजीवाल्याची हाळी, आणि मे महिन्यात कूलरची घरघर. मीच सुचवलं, "काका, वरच्या नव्या खोलीत जा." मोजलं तर मी अगदी खरा ठरलो: बोलण्याच्या मधल्या विरामांतला आवाज खाली उणे ४८ डेसिबल होता, तो वर उणे ६१ झाला, म्हणजे आणखी शांत. आणि प्रेक्षक पूर्वीपेक्षा जास्त पळायला लागले.

वरच्या खोलीत कोटा फरशी, चार कोऱ्या भिंती, एक लोखंडी कपाट. खालच्या खोलीत गादी, पडदे आणि पुस्तकांची मांडणी होती, म्हणजे आवाज शोषून घेणारं सगळं खालीच राहिलं होतं. काका फळ्याशी उभे, मोबाइल सहा फुटांवर स्टँडला. मी हेडफोन लावून ऐकलं तेव्हा "समीकरण" हा शब्द संपायच्या आत पुढचा शब्द त्याच्यावर चढत होता. हे मी आधीच ऐकायला हवं होतं.

घुमणं मोजायला फुगा पुरतो. मास्तर उभे राहतात तिथे फुगा फोडा आणि मोबाइल नेहमीच्या जागी ठेवून रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये लहरीचं चित्र डेसिबलमध्ये बघा. शिखरापासून ५ डेसिबल खाली आल्यावर मोजायला सुरुवात करा आणि तिथून आणखी २० डेसिबल उतरायला किती वेळ लागतो तो घ्या. त्याला ३ ने गुणलं की ६० डेसिबल उतरायचा अंदाजे काळ मिळतो. काकांकडे २० डेसिबलला ०.३७ सेकंद लागले, म्हणजे एकूण १.१ सेकंद. अमेरिकेत लहान वर्गखोल्यांसाठीच्या मानकात याच काळाची मर्यादा ०.६ सेकंद आहे. फुग्याचं शिखर वर सपाट कापलेलं दिसलं तर माप टाकून द्या. मोबाइलची आपोआप आवाज वाढवणारी सोय चालू असेल तरीही टाका, कारण ती घुमण्याचं शेपूट ओढून लांब करते.

आता हे सहा फूट किती महाग पडतात ते बघा. खोली १२ बाय १४ फूट, उंची १० फूट, म्हणजे सुमारे ४८ घनमीटर. ४८ ला १.१ ने भागा, वर्गमूळ काढा, ०.०५७ ने गुणा. उत्तर येतं ०.३७ मीटरच्या आसपास. इतक्या अंतरावर तोंडाचा सरळ आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज समसमान असतात. तोंड समोर रोखलेलं असल्यामुळे प्रत्यक्षात थोडी सवलत मिळते, पण सहा फुटांवर हिशोबानं सरळ आवाज सुमारे १३-१४ डेसिबलनं मागे पडतो. म्हणजे काकांचा मोबाइल काकांना कमी आणि खोलीला जास्त ऐकत होता.

उपाय दोन. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, आणि भिंतीला रजया. रजयांचाही हिशोब आहे: ४८ ला ०.१६१ ने गुणून काळानं भागलं की खोली किती चौरस मीटर पूर्ण शोषणाऱ्या पृष्ठभागाइतकं शोषते ते कळतं. १.१ सेकंदाला ७ चौरस मीटर, ०.६ ला सुमारे १३. म्हणजे ६ चौरस मीटर कमी पडत होते. तीन मोठ्या रजया, एकूण १० चौरस मीटर, आणि त्या साठ टक्के आवाज शोषतील असं धरलं. टांगून पुन्हा फुगा फोडला तर ०.६६ सेकंद. छोट्या खोलीत हे सूत्र ढोबळच चालतं, त्यामुळे मी इथेच थांबलो. डिसेंबरात काकूंनी रजया पांघरायला नेल्या आणि खोली परत १.१ वर गेली. अंड्याचे ट्रे चिकटवण्याचे सल्ले मला पाठवू नका, भिंत तेवढी खराब होते.

दुसरी चूक मला जास्त चिडवते: सरासरी बघण्याचा वेळ घेऊन दोन पाठांची तुलना करणं. दहा मिनिटांचा पाठ आणि चाळीस मिनिटांचा पाठ यात ती सरासरी आवाजाबद्दल काहीच सांगत नाही. प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडा, आणि शून्य सेकंदापासून नाही, पहिल्या शब्दापासून मोजा. वर गेल्यावर काकांनी हौसेनं १२ सेकंदांचं संगीत सुरुवातीला जोडलं होतं. त्या १२ सेकंदांत गेलेल्यांनी काकांचा आवाज ऐकलाच नव्हता, मग त्यांचा घुमण्याशी संबंध कसा असेल?

खालच्या पाठांत संगीत नव्हतं, पण तुलना सारखी व्हावी म्हणून दोन्हीकडे १२ ते ४२ सेकंदच घेतले. खालच्या खोलीतल्या एका पाठात १२ व्या सेकंदाला ८४ टक्के लोक होते, ४२ व्या सेकंदाला ६४. म्हणजे असलेल्यांपैकी ७६ टक्के टिकले. वरच्या खोलीत ७८ वरून ५२, म्हणजे ६७ टक्के. नुसते ६४ आणि ५२ बघितले तर फरक १२ चा दिसतो, पण त्यातला काही भाग संगीताच्या खाती जातो. घुमण्यावर संशय घ्यायला ९ उरले. तोही संशयच, कारण दोन पाठांचे विषय वेगळे होते. म्हणून मग आम्ही एकाच प्रकरणाचे पाठ आलटून पालटून केले: एक रजया आणि कॉलर माइकसह, पुढचा त्यांच्याशिवाय, संगीत दोन्हींत काढून टाकलेलं. काकांना हे मुळीच पटलं नव्हतं. "अरे, चांगलं माहीत असताना मुद्दाम वाईट का करायचं?" बारा पाठ होईपर्यंत रोज हेच ऐकलं.

आणि साठ प्रेक्षकांच्या पाठावरून निष्कर्ष काढू नका. साठात निम्मे टिकले तर तो आकडा नुसत्या योगायोगानं १३ टक्के इकडे किंवा तिकडे सरकू शकतो. कालच पाठ टाकून आज आलेखाचा फोटो पाठवणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही.

मागचा आवाज मोजण्यातल्या बाकीच्या चुका छोट्या आहेत. खोलीत मोबाइलचं डेसिबल ॲप धरू नका, प्रेक्षक खोलीत नसतो, फाइल ऐकतो. आवाज साफ करणारं फिल्टर लावल्यावर मोजू नका, ते विराम पुसून टाकतं आणि बोलण्याखालची घरघर तशीच राहते. मी मूळ फाइलमधला, दोन वाक्यांमधला एक सेकंद निवडतो आणि ffmpeg या प्रोग्रॅमची ही आज्ञा चालवतो:

```
ffmpeg -ss 00:01:14 -t 1 -i paath.mp4 -vn -af "highpass=f=150,volumedetect" -f null -
```

`mean_volume` हा आकडा बघायचा. मग बोलण्याच्या तुकड्यावर हेच करून दोन्हींतला फरक काढायचा. मला २० डेसिबलच्या खाली चालत नाही, ३० असेल तर मी पुढे बघतही नाही. १५० हर्ट्झच्या खालचं कापतो ते कूलरच्या घुमघुमीसाठी: ती आकडा फुगवते, पण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून जवळपास ऐकूच येत नाही. तुमची मुलं हेडफोन लावून बघत असतील तर मात्र हे कापू नका.