नवा हीटर लावल्यावर जळका वास आला, तर काय तपासायचं?

डिसेंबरात नाशिकहून वहिनीचा फोन आला. घरात दीड महिन्याचं बाळ, बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून दादाने त्याच दिवशी पंख्याचा रूम हीटर आणला होता. "भाऊजी, लावल्या लावल्या जळका वास आला, थोडा धूरही दिसला. दुकानदार म्हणतो, पहिल्यांदा येतोच. खरं का?"

दुकानदार खोटं बोलत नव्हता. हीटरची कॉइल आणि आतले धातूचे भाग कारखान्यात तयार होताना त्यांच्यावर तेलाचा पातळ थर राहतो. गोदामात पडून असताना त्यावर धूळ बसते. कॉइल पहिल्यांदा तापली की हे सगळं जळून जातं. तेलाच्या हीटरमध्ये पात्यांवरचा रंग पहिल्यांदा तापतो, त्याचाही वास येतो. तो अर्धा-पाऊण तासही रेंगाळतो. पण "येतोच" एवढ्यावर थांबणं चूक आहे, कारण धोक्याचा वासही याच पहिल्या तासात येऊ शकतो. मी वहिनीला दोनच गोष्टी विचारल्या: वास नेमका कुठून येतोय, आणि दर पाच मिनिटांनी तो कमी होतोय की वाढतोय?

पहिल्यांदा हीटर कसा लावायचा ते आधी सांगतो, म्हणजे या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळतील.

प्लग लावण्याआधी

दिवसाउजेडी आणि घरात मोठं माणूस जागं असताना लावा. बाळ, दम्याचं माणूस आणि पिंजऱ्यातले पक्षी दुसऱ्या खोलीत हलवा. पक्ष्यांना तापलेल्या लेपाचा धूर माणसापेक्षा फार लवकर बाधतो. खिडकी उघडा. हीटर गादीवर किंवा सतरंजीवर न ठेवता उघड्या फरशीवर ठेवा आणि चारही बाजूंनी तीन फूट मोकळी जागा सोडा. जाळीत थर्माकोलचा तुकडा, मागच्या झडपेवर चिकटपट्टी किंवा तळाशी प्लॅस्टिकची पिशवी राहिली नाही ना, हे टॉर्च मारून बघा. तेलाचा हीटर वाहतुकीत आडवा झाला असेल, तर तासभर उभा ठेवा म्हणजे तेल खाली बसेल.

मग भिंतीकडे बघा. 2000 वॉटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 8.7 अँपिअर करंट ओढतो. टीव्ही किंवा मोबाइलसाठी असतो तो छोटा सॉकेट 6 अँपिअरचा. गीझर लावतो तो मोठ्या भोकांचा 16 अँपिअरचा. हीटर मोठ्याच सॉकेटमध्ये लावायचा, आणि तोही थेट. मधे कन्व्हर्जन प्लग नको, एक्स्टेन्शन बोर्डही नको.

पहिला तास

पंख्याच्या हीटरमध्ये नुसता पंखा चालवायची सोय असेल, तर आधी मिनिटभर पंखाच चालवा. तो अडखळत असेल, घासल्याचा आवाज येत असेल, तर कॉइल चालूच करू नका. वारा नसेल तर कॉइलची उष्णता आतच साठते, ती लालभडक होते आणि शेजारचं प्लॅस्टिक वितळू लागतं. तापमान वाढलं की बंद करणारा कटआउट आत असतो, पण त्याची परीक्षा आपण घेऊ नये.

पंखा ठीक असेल तर 1000 वॉटवर दहा मिनिटं, मग 2000 वॉटवर वीस मिनिटं चालवा. खोली सोडून जाऊ नका. समोरच्या जाळीतून पातळ, पांढुरका धूर आणि धूळ जळल्याचा वास आला, आणि काही मिनिटांत विरत गेला, तर काळजीचं कारण नाही. धूर काळपट असेल, मागून किंवा खालून येत असेल, तडतड ऐकू आली किंवा दहा मिनिटांनंतर वास आणखी उग्र झाला, तर लगेच बंद करा.

अर्ध्या तासाने हीटर बंद करा, सॉकेटचं बटणही बंद करा, प्लग काढा आणि त्याची प्लॅस्टिकची पाठ हाताने चाचपा. कोमट लागली तर ठीक. हातात धरवत नसेल तर वास हीटरचा नाही, जोडणीचा आहे. तापलेल्या सॉकेट-प्लगला पुष्कळदा सुक्या मासळीसारखा वास येतो. घरात मासळी नसताना तसा वास आला तर नाक आधी भिंतीकडे न्या.

नाशिकच्या घरात काय निघालं

वहिनीने फोन चालू ठेवून वास घेतला. हीटरसमोरचा वास दहा मिनिटांत गेला होता, पण पलंगामागे होता आणि वाढत होता. तिथे एक्स्टेन्शन बोर्ड होता आणि त्यात कन्व्हर्जन प्लग. मी भिंतीवरचं बटण बंद करायला सांगितलं. बोर्ड निवल्यावर दादाने उघडला, तेव्हा एका भोकाभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं.

वहिनी म्हणाली, "पण एमसीबी तर पडलाच नाही!" पडणार नव्हताच, आणि हे प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. एमसीबी करंट जास्त झाला की पडतो. इथे करंट नेहमीचाच होता. फक्त पिन आणि आतल्या पितळी पट्टीची पकड सैल होती. समजा त्या सैल जागी अर्धा ओहम रोध आहे. 8.7 गुणिले 8.7 गुणिले 0.5, म्हणजे जवळपास 38 वॉट उष्णता तेवढ्याशा जागेत तयार होते. साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं, आणि त्याने कथील वितळतं. त्याच जागी मोबाइलचा चार्जर वर्षभर चालतो, कारण करंट अगदी थोडा असतो. करंट निम्मा केला की ही उष्णता चौथाई होते. म्हणून 1000 वॉटवर गप्प असलेला सॉकेट 2000 वॉटवर वास मारतो.

काळा पडलेला सॉकेट घासून परत वापरू नका. तापलेल्या पट्टीची स्प्रिंग गेलेली असते. सॉकेट बदला, आणि त्यात बसणारा प्लग डागळला असेल तर तोही. इलेक्ट्रिशियनला विचारा, त्या पॉइंटला मागून किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे का. लाइटच्या बोर्डावरून एक-दीडची वायर ओढून मोठा सॉकेट बसवलेला मी कित्येक घरांत पाहिला आहे. तिथे सॉकेट नवा, पण भिंतीतली वायर तापते.

धूर वाढलाच तर

सॉकेटचं बटण बंद करा. बटणच तापलं असेल किंवा प्लग वितळला असेल तर त्याला हात न लावता मेन एमसीबी पाडा. पाणी टाकू नका. ज्वाळा दिसली तर सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि 101 किंवा 112 ला फोन करा.

दादाने दुसऱ्या दिवशी बेडरूममध्ये वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट काढून घेतला. हीटर तोच आहे. अर्धा तास चालवून वहिनीने प्लग चाचपला, कोमट होता. फेब्रुवारीत हीटर माळ्यावर जाईल, तेव्हा पिशवीत गुंडाळून ठेवायला सांगितलंय. पुढच्या थंडीत धूळ जळल्याचा वास पुन्हा येईल, तेव्हाही पहिला अर्धा तास खिडकी उघडी ठेवायची आणि प्लग चाचपायचा.