सल्लागाराला पत्र देण्याआधी जुळवायच्या गोष्टी

भोसरी एमआयडीसीत साठ माणसांचा मशिनिंगचा कारखाना आहे, असे धरू. मोठ्या ग्राहकाने आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र मागितले आहे. एका वाहन कंपनीतून गुणवत्ता विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ मदत करायला तयार आहेत. सहा महिन्यांचे काम, एकूण फी ३,६०,००० रुपये. मालक म्हणतात, "पत्रात एक ओळ टाका, हे आमचे कर्मचारी नाहीत. झालं काम!"

ती ओळ टाकायचीच. पण अख्ख्या पत्रात सर्वांत कमी जोर तिच्यातच असतो. उद्या पीएफचा अधिकारी खातेवही उघडून बसला किंवा प्रकरण कामगार न्यायालयात गेले, तर दोन्हीकडे पाहिले जाते ते व्यवहार प्रत्यक्षात कसा चालला आहे हे. म्हणून मसुदा उघडण्याआधी काही गोष्टी ठरवून कागदावर घ्या. मसुदा त्यांच्यातूनच निघतो.

पहिला प्रश्न ताब्याचा. काय काम हवे ते तुम्ही सांगणार, की ते कसे आणि किती वाजता करायचे हेही तुम्हीच सांगणार? १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या प्रकरणाचा निकाल दिला. मिठागरात राबणाऱ्या अगरियांना मणामागे दराने पैसे मिळत, मदतीला माणसे ते स्वतः ठेवत. कंपनीचे म्हणणे, हे तर स्वतंत्र कंत्राटदार. पण कामाच्या प्रत्येक टप्प्यावर देखरेख कंपनीची होती, म्हणून ते कामगारच ठरले. उलट बाजूचे उदाहरण २०२० मधले. गुजरातमधल्या एका नेत्ररुग्णालयाचे शल्यचिकित्सक रुग्णालयाच्याच मिनीबसच्या अपघातात गेले. ते रुग्णालयाचे नोकर होते असे ठरले असते, तर विमा कंपनीवरचा भार मर्यादित राहिला असता. न्यायालयाने त्यांच्या कराराच्या अटी एकत्र तपासल्या आणि ते स्वतंत्र व्यावसायिक असल्याचे मानले. एकच कसोटी सगळीकडे लागत नाही, सगळ्या खुणा एकत्र तोलल्या जातात, हे या दोन निकालांतून ध्यानात घ्यावे.

आता त्या खुणा आपल्या कारखान्यात शोधा. सल्लागारांना पंचिंग कार्ड मिळणार आहे का? व्हिजिटिंग कार्डावर 'क्वालिटी हेड' छापणार आहात का? तपासणी अहवालावर कंपनीचे अधिकारी म्हणून ते सही करणार का? येणार नसतील तेव्हा रजेचा अर्ज द्यायचा का? दिवाळीला इतरांच्या यादीत त्यांचेही नाव आणि बोनस? यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरे 'हो' असतील तर पत्र कितीही चांगले लिहा, ते टिकवणे अवघड जाईल. अशा वेळी माझे सरळ मत असे की पत्र बाजूला ठेवावे आणि त्या माणसाला मुदतीच्या करारावर रीतसर नोकरीत घ्यावे. पीएफ वाचवण्यासाठी सल्लागाराचा मुखवटा चढवणे पुढे महाग पडते. थकलेली वर्गणी तर भरावी लागतेच, वर व्याज आणि दंडही येतो.

उत्तरे 'नाही' असतील, तर तेच पत्रात सकारात्मक शब्दांत लिहा: "सल्लागार आपल्या कामाची वेळ, पद्धत आणि क्रम स्वतः ठरवतील. इतर ग्राहकांची कामे घेण्यास त्यांना मोकळीक राहील. आवश्यक वाटल्यास आपल्या जबाबदारीवर ते सहायक नेमू शकतील. लॅपटॉप, सॉफ्टवेअर व प्रवासाची सोय त्यांची स्वतःची असेल." यानंतर ती प्रसिद्ध ओळ लिहा, आणि तिच्यासोबत पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, रजा व बोनस लागू नसल्याचेही स्पष्ट करा. वरची चार वाक्ये नसतील तर ही ओळ नुसतीच लोंबकळते.

कामाची व्याप्ती ठरवायला निवांत अर्धा दिवस काढा. "गुणवत्ता व्यवस्थेबाबत वेळोवेळी सांगितले जाईल ते काम" हे वाक्य बहुतेक पत्रांत असते आणि तेच सर्वांत घातक. वेळोवेळी सांगितले जाईल ते करणारा माणूस म्हणजे नोकर. त्याऐवजी हाती काय पडणार ते लिहा. आपल्या उदाहरणात पाच गोष्टी निघतात: सध्याच्या पद्धतीत काय कमी आहे त्याचा अहवाल, गुणवत्ता धोरण आणि कार्यपद्धतींचे दस्तऐवज, सुपरवायझर व ऑपरेटर यांचे प्रशिक्षण, एक अंतर्गत ऑडिट, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या ऑडिटमध्ये निघालेल्या त्रुटी दूर करायला मदत. प्रत्येकीपुढे तारीख टाका. मग व्याप्तीत काय नाही तेही लिहा. रोजची तपासणी नाही, ग्राहकाच्या तक्रारींना उत्तरे देणे नाही, मशीनची कॅलिब्रेशन नाही, नव्या प्लांटचे काम नाही. ही 'नाही'ची यादी लिहिताना मालकांना संकोच वाटतो, पण तिसऱ्या महिन्यात "साहेब, आलाच आहात तर हा रिजेक्ट झालेला लॉटही बघा" अशी विनंती सुरू होते, तेव्हा तीच उपयोगी पडते. जादा काम हवे असल्यास दोन ओळींचा ईमेल, त्यात काम, तारीख आणि जादा फी, आणि दोघांची संमती. एवढी पद्धत पत्रात लिहून ठेवली की पुरे.

कारखान्याच्या बाजूनेही एक यादी लागते, ती लोक विसरतात. कागदपत्रे कोण देणार, प्रशिक्षणासाठी उत्पादन कधी थांबवणार, निर्णय देणारी एक व्यक्ती कोण? ड्रॉइंग मिळाली नाहीत म्हणून उशीर झाला तर तो उशीर सल्लागाराचा नव्हे, हे तारखांच्या शेजारीच लिहावे.

पैशांकडे येऊ. दर महिन्याच्या सात तारखेला साठ हजार अशी विभागणी केली, तर हिशेबाच्या वहीत ती पगारासारखीच दिसते. त्यापेक्षा कामाच्या टप्प्यांवर पैसे बांधा: त्रुटी-अहवालानंतर ९०,०००, दस्तऐवज पूर्ण झाल्यावर ९०,०००, प्रशिक्षण व अंतर्गत ऑडिटनंतर ९०,०००, आणि प्रमाणपत्राच्या ऑडिटमधल्या त्रुटींची उत्तरे दाखल झाल्यावर उरलेले ९०,०००. शेवटचा हप्ता 'प्रमाणपत्र मिळाल्यावर' असा बांधू नका. तो निर्णय तिसऱ्या संस्थेचा असतो आणि तिच्या तारखा दोघांच्याही हातात नसतात.

प्रत्येक टप्प्याला सल्लागारांनी आपल्या लेटरहेडवर, आपल्या पॅनसह बिल द्यायचे. बिल नसेल तर पैसे नाहीत, हा नियम दोघांनाही सोयीचा. पहिल्या बिलाचा हिशेब असा. सल्लागारांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असून त्यांनी जीएसटी नोंदणी घेतलेली नसेल, तर बिल ९०,००० चे. व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस, म्हणजे ९,००० कापून ८१,००० हातात. वर्षाची फी ५०,००० च्या वर जात असल्याने टीडीएस कापावा लागतोच. नोंदणी असेल तर १८ टक्के, म्हणजे १६,२०० जीएसटी धरून बिल १,०६,२०० होते. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त फीवर, ९,०००च, आणि हातात ९७,२००. पत्रात 'फी जीएसटी सोडून आहे' की 'जीएसटीसह' ते लिहिले नाही, तर वाद याच १६,२०० वरून होतो. आयकराचे कलम क्रमांक मात्र पत्रात घालू नका. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. 'त्या वेळी लागू असलेल्या तरतुदीनुसार टीडीएस' एवढे बस्स. फी चुकूनही पगाराच्या रजिस्टरमधून जाऊ नये आणि टीडीएस पगाराच्या नियमाखाली कापला जाऊ नये. लेखापालाला हे वेगळे सांगावे लागते.

पैसे किती दिवसांत द्यायचे? सल्लागारांनी उद्यम नोंदणी घेतली असेल तर सूक्ष्म उद्योग म्हणून २००६ चा एमएसएमई कायदा त्यांच्या बाजूने उभा राहतो. लेखी मुदत ठरलेली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि काहीच ठरले नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम तुम्हाला आयकरात प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून मिळत नाही. त्यामुळे बिलापासून ३० दिवस लिहा. काम स्वीकारण्याची पद्धतही त्याच परिच्छेदात हवी. दस्तऐवज मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारले असे समजावे. हे नसेल तर 'साहेबांनी अजून बघितलं नाही' या कारणाने बिल महिनोन्महिने पडून राहते.

दस्तऐवज कोणाचे, हा भाग पगारी नोकर आणि सल्लागार यांच्यात खरोखर वेगळा आहे. नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेल्या गोष्टीचा कॉपीराइट सहसा मालकाचा असतो. सल्लागाराने लिहिलेल्या कार्यपद्धतीचा कॉपीराइट मुळात त्याचाच, तुम्ही फी पूर्ण दिलीत तरी. तो तुमच्याकडे यायला लेखी हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तसेच हस्तांतरित हक्क वर्षभर वापरले नाहीत तर ते संपू शकतात, म्हणून तसे होणार नाही हेही लिहावे. तेव्हा वाक्य असे: "फी मिळाल्यावर या कामासाठी तयार केलेल्या दस्तऐवजांचे कॉपीराइट पूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी कंपनीकडे हस्तांतरित होतील. वर्षभरात वापर न झाल्याने हे हक्क परत जाणार नाहीत." सल्लागारांचे स्वतःचे जुने साचे आणि चेकलिस्ट यातून वगळा. नाहीतर ते सही करणार नाहीत आणि त्यांचे बरोबरही असेल.

गोपनीयतेचे कलम ग्राहकाच्या ड्रॉइंगपुरते आणि नेमके ठेवा. काम संपल्यानंतर दोन वर्षे स्पर्धकाकडे जायचे नाही, असली अट मात्र टाकू नये. करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती टिकत नाही, आणि इतर ग्राहक घेण्याची जी मोकळीक दिली तिच्याशीही तिचा मेळ बसत नाही. वर्कशॉपमध्ये फिरताना अपघात झाल्यास काय, हे बोलून घ्या. सल्लागारांची स्वतःची अपघात विमा पॉलिसी असल्याचे लिहून तिची प्रत फाइलला लावावी. करार मोडायचा असेल तर दोन्ही बाजूंना ३० दिवसांची लेखी सूचना आणि तोवर झालेल्या कामाची प्रमाणात फी.

शेवटी कागद. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर दोन प्रती, व्याप्ती आणि हप्त्यांची परिशिष्टे जोडून, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. तारीख काम सुरू होण्याच्या आधीची हवी. पॅन, उद्यम नोंदणी आणि असल्यास जीएसटी क्रमांकाच्या प्रती पत्रासोबतच ठेवा. मुदत संपण्याची तारीख लेखापालाच्या कॅलेंडरमध्ये टाका. सातव्या महिन्यात सल्लागार येतच राहिले आणि बिलेही निघत राहिली, तर त्या महिन्याला ना व्याप्ती असते ना टप्पा. काम वाढवायचे असल्यास नव्या यादीचे आणि नव्या हप्त्यांचे दुसरे पत्र त्या तारखेआधी तयार असावे.