रेपो दर उतरला आणि दहा वर्षांचे यील्ड चढले : यील्ड कर्व्ह वाचताना या चुका टाळा

६ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना अल्पमुदतीचे पैसे ज्या दराने देते तो दर, ६ टक्क्यांवरून एकदम ५.५० टक्क्यांवर आणला. त्याच दिवशी कोथरूडमधील माझ्या परिचयाच्या एका निवृत्त अभियंत्यांनी मुदत ठेव मोडून दहा लाख रुपये सरकारी रोख्यांच्या फंडात गुंतवले. व्याजदर उतरले की रोख्यांच्या किमती वाढतात, हे सूत्र त्यांना पाठ होते आणि ते सूत्र चुकीचे नाही. तरीही ऑगस्टअखेर त्यांची रक्कम दहा लाखांच्या खाली गेली होती. याउलट, त्यांच्या मुलाचे हिंजवडीतील सदनिकेसाठी घेतलेले गृहकर्ज पुढच्या फेररचनेच्या तारखेला अर्ध्या टक्क्याने स्वस्त झाले. एकाच घरात एकाच बातमीचे हे दोन परिणाम का झाले, हे समजून घेतले तर यील्ड कर्व्हविषयीच्या, म्हणजे वेगवेगळ्या मुदतींच्या रोख्यांचे यील्ड जोडणाऱ्या वक्राविषयीच्या, बहुतेक चुका आपोआप उघड्या पडतात.

पहिली चूक म्हणजे रिझर्व्ह बँक सगळेच व्याजदर ठरवते असे धरून चालणे. तिच्या हातात प्रत्यक्षात असतो तो एका रात्रीपुरत्या पैशाचा दर. गृहकर्जाची गोष्ट वेगळी आहे, कारण १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची किरकोळ कर्जे बाह्य मानदंडाला जोडणे बंधनकारक झाले. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दरच निवडला आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दराची फेररचना करणे आवश्यक ठरले. म्हणजे वीस वर्षांचे गृहकर्ज मुदतीने लांब असले, तरी त्यावरचा व्याजदर अल्पमुदतीचाच असतो. पन्नास लाखांच्या अशा कर्जाचा दर ८ टक्क्यांवरून ७.५० टक्क्यांवर आला, तर मासिक हप्ता ४१,८२२ रुपयांवरून ४०,२८० रुपयांवर येतो. (हप्ता तोच ठेवून मुदत कमी करण्याची अनेक बँकांची पद्धत असते, त्यामुळे आपल्याला नेमके काय मिळाले ते विचारून घ्यावे.) दहा वर्षांच्या सरकारी रोख्याला मात्र रेपोशी बांधणारा असा कोणताही करार नाही. त्याचे यील्ड, म्हणजे आजच्या किमतीला तो घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा, खरेदीविक्रीतून ठरते.

ते कसे ठरते हे एका काल्पनिक पण साध्या हिशेबाने पाहू. दहा वर्षांचे यील्ड म्हणजे ढोबळमानाने पुढील दहा वर्षांत अल्पमुदतीचे दर सरासरी किती राहतील याचा बाजाराचा अंदाज, अधिक इतका काळ पैसे अडकवून ठेवण्याबद्दल गुंतवणूकदार मागतात तो जादा मोबदला. या मोबदल्याला टर्म प्रीमियम म्हणतात. समजा, धोरण जाहीर होण्यापूर्वी बाजाराचा अंदाज असा होता : पहिल्या वर्षी सरासरी ५.६० टक्के, कपात चालूच राहणार असल्याने पुढील दोन वर्षे ५.२५ टक्के आणि उरलेली सात वर्षे ६ टक्के. याची सरासरी ५.८१ टक्के येते. आता बँकेने अपेक्षेपेक्षा मोठी कपात केली, पण त्याच वेळी पुढे फारसा वाव उरलेला नाही असेही सुचवले. त्यामुळे अंदाज बदलून पहिली तीन वर्षे ५.५० टक्के आणि नंतरची सात वर्षे ६ टक्के असा झाला. नवी सरासरी ५.८५ टक्के आहे. आजचा दर खाली आला, पण दहा वर्षांची सरासरी किंचित वर गेली.

जूनमध्ये घडले ते याच जातीचे होते. अर्ध्या टक्क्याच्या कपातीबरोबरच पतधोरण समितीने आपली भूमिका ‘अनुकूल’वरून पुन्हा ‘तटस्थ’ केली. बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोख राखीव प्रमाणातही चार टप्प्यांत एक टक्क्याची कपात जाहीर झाली, म्हणजे रोकड भरपूर राहणार हेही कळले. त्यामुळे वक्राचे अल्पमुदतीचे टोक खाली गेले. मात्र दहा वर्षांचे यील्ड सुरुवातीच्या उत्साहात उतरून त्याच दिवशी पुन्हा वर आले, कारण रोखे विकत घेणाऱ्याला आजच्या कपातीपेक्षा पुढची कपात होणार की नाही, यात अधिक रस होता.

दुसरी चूक, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी, म्हणजे घोषणेच्या दिवसापासून मोजायला सुरुवात करणे. दहा वर्षांचे यील्ड २०२४ च्या मध्याला ७ टक्क्यांच्या आसपास होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिली कपात झाली, त्याआधीच ते ६.७० टक्क्यांच्या जवळ उतरले होते, आणि तोवर रेपो दर ६.५० टक्क्यांवरून तसूभरही हललेला नव्हता. जूनच्या बैठकीपर्यंत ते ६.२० टक्क्यांच्या परिसरात पोहोचले. म्हणजे कपातीच्या फेरीतला लाभ आमच्या अभियंत्यांनी पैसे टाकण्यापूर्वीच वाटून झालेला होता. त्यानंतर यील्ड वाढत गेले. १५ ऑगस्टला वस्तू व सेवा करातील कपातीची घोषणा झाल्यावर सरकारला अधिक कर्ज उचलावे लागेल अशी शंका बाजाराला आली. महिनाअखेर यील्ड ६.५० टक्क्यांच्या वर गेले. ही दुसरी चढण रेपोच्या अंदाजातून कमी आणि टर्म प्रीमियममधून अधिक आली असावी, असे मला वाटते.

तोट्याचा हिशेबही सोपा आहे. दहा वर्षांच्या रोख्याची सुधारित ड्युरेशन, म्हणजे यील्ड एक टक्क्याने बदलल्यावर किंमत किती टक्के बदलते त्याचे माप, सुमारे ७.४ धरली, तर यील्ड ०.३५ टक्क्याने वाढल्यावर किंमत जवळपास २.६ टक्के घसरते. तीन महिन्यांत जमा झालेले व्याज साधारण दीड टक्का. उरला सुमारे १.१ टक्के तोटा, म्हणजे दहा लाखांवर अकरा हजारांच्या आसपास. फंडात तीस-चाळीस वर्षांचे रोखे असतील तर ड्युरेशन अधिक असते आणि तोटाही त्या प्रमाणात मोठा होतो. फंडाच्या मासिक माहितीपत्रकात ड्युरेशन छापलेली असते, पण गेल्या वर्षीच्या परताव्याचा स्तंभ पाहून पान उलटण्याची सवय आपल्याकडे फार आहे.

बाजाराने कपात आधीच धरली आहे की नाही, हे कसे ओळखायचे? ट्रेझरी बिले म्हणजे सरकारचे एक वर्षापर्यंतचे रोखे. दर आठवड्याला होणाऱ्या त्यांच्या लिलावातील ३६४ दिवसांच्या बिलाचे यील्ड पाहावे आणि ते रेपो दराशेजारी ठेवावे. मे २०२५ च्या अखेरीस रेपो ६ टक्के होता आणि हे बिल ५.६० टक्क्यांच्या आसपास विकले जात होते. त्यात रोकड मुबलक असल्याचा भाग होता हे खरे, तरीही पुढील कपात किमतीत उतरली आहे असा त्याचा स्पष्ट अर्थ होता. याच्या पुढची पायरी म्हणजे दोन मुदतींच्या दरांतून मधल्या काळाचा दर काढणे. एका वर्षाचे यील्ड ५.६० टक्के आणि दोन वर्षांचे ५.८० टक्के असेल, तर १.०५८ चा वर्ग करून त्याला १.०५६ ने भागावे. उत्तर १.०६ येते. म्हणजे दुसऱ्या वर्षासाठी बाजार ६ टक्के धरून चालला आहे. आपले मत त्या ६ टक्क्यांपेक्षा खालचे असेल तरच दोन वर्षांचा रोखा घेण्याला अर्थ आहे. नुसते ‘दर उतरतील’ हे मत पुरेसे नाही, ते बाजाराच्या धारणेपेक्षा अधिक उतरायला हवेत. अर्थात या ६ टक्क्यांतही थोडा टर्म प्रीमियम मिसळलेला असतो, त्यामुळे त्याला शुद्ध भाकीत समजू नये.

मोजणीची सुरुवात कोठून करावी, ही चूक दरवाढीच्या काळातही तितकीच फसवते. ४ मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला, पण दहा वर्षांचे यील्ड ७.१० टक्क्यांच्या आसपासवरून केवळ ७.३० ते ७.४० टक्क्यांपर्यंत सरकले. यावरून धोरणदर दीर्घ दरांपर्यंत पोहोचतच नाही, असा निष्कर्ष त्या वेळी काहींनी काढला. मात्र तेच यील्ड २०२१ च्या मध्याला ६ टक्क्यांच्या जवळ होते. म्हणजे एक टक्क्याहून मोठी वाढ पहिल्या दरवाढीच्या आधीच होऊन गेली होती.

इथेच तिसरी चूक जोडून येते. वक्राचा चढ, म्हणजे लांब आणि अल्प मुदतीच्या दरांतील फरक, मोजताना दहा वर्षांच्या यील्डमधून रेपो दर वजा करण्याची पद्धत रूढ आहे, पण पैसा प्रत्यक्षात रेपो दरानेच मिळत असतो असे नाही. मे २०२० नंतर रेपो ४ टक्के होता आणि बँकांची जादा रोकड रिझर्व्ह बँक ज्या दराने ठेवून घेते तो रिव्हर्स रेपो ३.३५ टक्के. बँकांकडे रोकड तुंबलेली असल्याने एका रात्रीचा दर बराच काळ त्या खालच्या दराला चिकटून राहिला. त्या काळातील खरा चढ कागदावरच्या आकड्यापेक्षा अर्ध्या टक्क्याहून अधिक तीव्र होता. पुढे ८ एप्रिल २०२२ रोजी त्याच कामासाठी ३.७५ टक्क्यांची स्थायी ठेव सुविधा आली आणि रेपोला हात न लावता एका रात्रीच्या दराचा तळ ०.४० टक्क्याने उचलला गेला. रेपोचाच तक्ता पाहणाऱ्याला ही दरवाढ दिसलीच नाही. म्हणून तुलनेसाठी बँकांमधील एका रात्रीच्या उसनवारीचा भारित सरासरी कॉल दर किंवा ९१ दिवसांच्या बिलाचे यील्ड घ्यावे. दुसऱ्या बाजूलाही सध्याच्या दहा वर्षांच्या मानक रोख्याचे यील्डच घ्यावे. २०२५ च्या मध्याला मानक असलेल्या रोख्याच्या नावात छापलेला ‘६.३३ टक्के, २०३५’ हा आकडा वार्षिक व्याजाचा असतो, यील्डचा नाही.

चढ वाढला एवढे कळून भागत नाही, कोणते टोक हलले तेही पाहावे लागते. अल्पमुदतीचे दर उतरल्याने चढ वाढला, तर लांब रोखेधारकाचे नुकसान होत नाही. दीर्घ टोक वर गेल्याने चढ वाढला, तर होते. २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये दोन्ही टोके विरुद्ध दिशांना गेली आणि ‘चढ वाढला’ या एका वाक्यात हे सारे झाकले गेले. हा केवळ आपल्याकडचा प्रकार नव्हे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये एक टक्क्याची कपात केली आणि त्याच सुमारास तिथले दहा वर्षांचे यील्ड ३.७० टक्क्यांच्या आसपासवरून जानेवारीत ४.७० टक्क्यांच्या वर गेले.

अभियंत्यांनी फंड मोडावा का, असे मला सप्टेंबरमध्ये विचारले. पैसे पाच-सहा वर्षे लागणार नव्हते आणि रक्कम आता ६.५० टक्क्यांहून अधिक यील्डच्या रोख्यांत होती, म्हणून मोडू नये असे मी सांगितले. मुलाच्या कर्जाचे पत्र मात्र त्यांनी सोबत आणले होते. त्यात हप्ता तोच ठेवून मुदत कमी केलेली होती आणि हे कोणी त्यांना विचारलेले नव्हते.