पै-पाहुण्यांत आपल्या कामाबद्दल कसं बोलावं: स्लॅबची गळती काढणाऱ्याच्या अनुभवातून

येळ्ळूरला माझ्या मामांच्या घराचा स्लॅब गळत होता आणि ते काम त्यांनी दुसऱ्याच माणसाला दिलं. स्लॅबची गळती काढणं हाच माझा धंदा. मला कळलं तेव्हा काम होऊन महिना झाला होता. मामांना विचारलं तर ते सरळ मनाने म्हणाले, "अरे, तू केमिकल विकतोस न्हवं?"

चूक त्यांची नव्हती. प्रत्येक लग्नात, बारशात, यात्रेत कुणी "सध्या काय करूलालास?" असं विचारलं की मी म्हणायचो, "कन्स्ट्रक्शन केमिकल, वॉटरप्रूफिंग वगैरे." ऐकणाऱ्याच्या डोक्यात फक्त 'केमिकल' राहायचं. छतातून पाणी ठिबकायला लागलं की माणसाला 'वॉटरप्रूफिंग' आठवत नाही, त्याला 'गळती' आठवते. त्या दिवसापासून मी बोलण्याची पद्धत बदलली. ती इथे क्रमाने मांडतो. उदाहरण माझ्या कामाचं आहे, पण शिवणकाम, हिशेबाचं काम किंवा मोटार रिवाइंडिंग करणाऱ्यालाही ते आपल्या कामाला लावून बघता येईल.

आधी एक वाक्य तयार करा

या वाक्यात धंद्याचं नाव नको, लोकांची तक्रार हवी, आणि लोक ती ज्या शब्दांत करतात त्याच शब्दांत हवी. माझं वाक्य असं आहे: "पावसाळ्यात ज्यांचा स्लॅब गळतो, भिंतीला ओल येते, त्यांची गळती मी काढून देतो. अनगोळला असतो, खानापूरपासून निपाणीपर्यंत जातो."

शेवटचा गावांचा तुकडा गाळू नका. आपले सोयरे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, गोव्यापर्यंत पसरलेले असतात. तुम्ही कुठवर जाता हे माहीत नसेल तर "तो कशाला एवढ्या लांब येईल" म्हणून ते तुमचं नाव घेतच नाहीत.

हेच वाक्य कन्नडमध्येही तयार ठेवा. मामांच्या शेजारी बसलेला त्यांचा मित्र बैलहोंगलचा असू शकतो. त्याच्या घरी ही तक्रार "मनी सोराकत्तैती" अशीच बोलली जाते. तुम्ही ते दोन शब्द उच्चारले की काम त्याला लगेच कळतं.

वाक्य नीट जमलं का, हे ओळखायची एक खूण आहे. एखादा नातेवाईक तिसऱ्याशी तुमची ओळख करून देतो तेव्हा कान देऊन ऐका. "हा आमचा भाचा, बिल्डिंग लाइनमध्ये आहे" असं म्हणाला तर वाक्य पोचलेलं नाही. "हा गळती काढतो बघा" म्हणाला तर पोचलं. पहिल्या वेळी तिथल्या तिथे, हसून, "गळतीचं काम मामा, बांधकामाचं न्हवे" एवढंच सांगायचं.

विचारल्यावर एकाच घराची गोष्ट सांगा

आपण होऊन विषय काढायचा नाही. आपल्याकडे काम विचारल्याशिवाय कुणी राहत नाही, त्यामुळे तेवढा धीर धरता येतो. विचारलं की वर दिलेलं वाक्य सांगायचं, आणि समोरच्याने "म्हणजे कसं?" म्हटलं तरच पुढे जायचं. तेव्हा कामांची यादी देऊ नका, एक घर सांगा.

मी बहुतेक वेळा वडगावचं एक घर सांगतो. हॉलचा एकच कोपरा गळायचा. मालकांनी दोन उन्हाळे अख्ख्या गच्चीला वरून कोट मारून घेतला, तरी पावसाळ्यात पाणी तिथेच. मी गेलो तेव्हा भर पाऊस होता. गच्चीची कठड्याची भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे केसाएवढी फट होती, आणि पाणी जायच्या पाइपाचं तोंड पानांनी तुंबलं होतं. पाणी तुंबून कठड्याशी चढायचं आणि त्या फटीतून खाली उतरायचं. स्लॅबला काही झालेलंच नव्हतं. दिवाळीनंतर ती फट उघडून साफ केली, भरली, कडेने गोलसर वाटा करून घेतला आणि कोट फक्त त्या पट्ट्याला दिला. मग पाइपाचं तोंड बंद करून गच्चीत एक दिवस पाणी साठवून ठेवलं आणि खालून छत बघितलं. कोरडं होतं.

एवढीच गोष्ट, मिनिटभराची. त्यात रसायनाचं नाव नाही, रक्कम नाही, आणि घरमालकाचं नाव तर नाहीच. त्यांचा चुलत भाऊ त्याच मांडवात बसलेला असू शकतो, आणि आपल्या घरची कुरबुर पंगतीत निघालेली कुणाला आवडत नाही. आधी ज्याने कोट मारला त्यालाही नावं ठेवू नका. तोही कुणाचा तरी पाहुणा असतो.

मग त्यांच्या घराबद्दल विचारा

या पायरीला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो. मी तीनच प्रश्न विचारतो. पाऊस लागला की लगेच ठिबकतं, की उशिरा? पाऊस उघडल्यावरही दोन दिवस ठिबकत राहतं का? उन्हाळ्यातही ओल दिसते का?

लगेच ठिबकत असेल तर बहुधा भेग किंवा पाइपाची कड असते. पाऊस उघडल्यावरही ठिबकत असेल तर वरच्या कोब्यात पाणी मुरून बसलेलं असतं. उन्हाळ्यातही ओल असेल तर पावसाचा संबंधच कमी, तिथे टाकी, बाथरूम किंवा नळाची लाइन बघायला हवी. ऐकणाऱ्याला हे पटतं, कारण तो मनातल्या मनात आपलं छत बघत असतो.

पुढे त्यांना फुकट करता येईल असं एक काम सांगायचं: "मेमध्ये गच्चीच्या पाइपाच्या तोंडाची जाळी साफ करून ठेवा, आणि पहिल्या पावसात पाणी कुठे तुंबतं त्याचा मोबाइलवर फोटो काढा." बरेच जण तसं करतात आणि तो फोटो मलाच पाठवतात.

काम आपलं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. छताचं प्लॅस्टर पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर मी म्हणतो, "हे माझं काम न्हवे काका, आधी इंजिनिअरला दाखवा." ते काम मला मिळत नाही. पण पुढच्या वेळी माझं नाव सांगताना काकांना शंका राहत नाही.

वेळ बघून बोला

अक्षतांच्या गर्दीत, वधू-वरांना भेटायच्या रांगेत कामाचं बोलू नका, कुणाच्याच लक्षात राहत नाही. हळदीची रात्र चांगली, आणि जेवण झाल्यावर पान खात बसलेली मंडळी त्याहून चांगली. गावच्या यात्रेला तर पाहुण्यांची पंगत बहुतेक गच्चीवर मांडव घालूनच असते, तिथे विषय पायाखालीच असतो. बाराव्याला, तेराव्याला मात्र तोंड बंद. कुणी विचारलं तरी "नंतर फोन करतो" म्हणायचं.

वर्षातली वेळ याहून जास्त महत्त्वाची. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, खानापूरच्या पश्चिम भागात तर धो-धो. माझं काम मात्र कोरड्या स्लॅबवरच होतं, म्हणजे दिवाळीपासून मेपर्यंत. लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, आणि तोवर लोक गळती विसरलेले असतात. म्हणून लग्नात मी विचारतो, "औंदा पावसात बादली ठेवावी लागली काय?" गणपतीला उलटं असतं. पाहुणे घरी आलेले असतात, छत समोर ठिबकत असतं आणि सगळे म्हणतात, उद्याच ये. तेव्हा खरं सांगावं: "आत्ता काम होणार नाही, पण आत्ताच बघून जातो. पाणी कुठनं येतं ते पावसातच कळतं. काम दिवाळीनंतर." तोवर ताडपत्री कुठे टाकायची तेवढं दाखवून येतो. भर पावसात ओल्या स्लॅबवर कोट मारला तर तो सुटतो, आणि तुमचं नाव सांगणाऱ्याचा शब्दही त्याबरोबर जातो.

नंबर कसा द्यावा

व्हिजिटिंग कार्ड लग्नाच्या कपड्यांबरोबर कपाटात जातं. समोरच्याला मोबाइल काढायला सांगा, नंबर तिथेच सेव्ह करून घ्या, आणि नाव कसं लिहायचं तेही सांगा. नुसतं नाव नको, तसल्या नावाचे त्यांच्या फोनमध्ये पाच जण असतात. 'स्लॅब गळती अनगोळ' असं लिहून घ्या. आठ महिन्यांनी ते 'गळती' असंच शोधणार आहेत. वयस्क मंडळींच्या बाबतीत हे काम त्यांच्या सुनेकडून किंवा नातवाकडून करून घ्यावं.

पैशाचं आधीच ठरवून ठेवा

नात्यातलं काम इथे बिघडतं. "घरचाच आहेस, बघून घे की" असं कुणी म्हटलं की मी मांडवात दर बोलत नाही. बघायला येण्याचे पैसे नात्यात कुणाकडूनच घेत नाही, आणि कामाचा अंदाज कागदावर लिहून देतो. सूट द्यायची तर ती त्याच कागदावर, वेगळी ओळ करून. तोंडी सूट दोघांना दोन वेगळ्या आकड्यांची आठवते.

नाव सांगणाऱ्याला मी कमिशन देत नाही. आपल्या लोकांत त्याने अवघडल्यासारखं होतं, आणि पुढे ते नाव मोकळेपणाने सांगत नाहीत. पण बघून आलो की त्याच संध्याकाळी त्यांना फोन करतो: "मामा, तुम्ही सांगितलेलं घर बघून आलो. कठड्याकडनं पाणी येतंय, दिवाळीनंतर करतो म्हटलंय." काम नाकारलं तर तेही सांगतो, कारणासकट. पुढच्या पावसाळ्यात, जुलैच्या सुमारास, घरमालकाला "छत कोरडं आहे न्हवं?" असं विचारतो आणि त्यांचं उत्तर पुन्हा मामांना कळवतो.

नवीन फोन आला की पहिला प्रश्न "तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि दुसरा "काय म्हणून सांगितलं?" दोन्ही उत्तरं वहीत तारखेसह लिहून ठेवतो. मागच्या पावसाळ्यात चंदगडहून एका बाईंचा फोन आला. वहीत त्यांच्या नावापुढे येळ्ळूरच्या मामांचं नाव आहे, आणि मामांचे शब्द: "बादली ठेवायला लागते काय, असं विचारतो बघा, तो."